अडीच हजारांचा कर कोणाला जड?

मंडळी, पगारदारांनी आपली सॅलरी स्लिप डोळ्यांसमोर आणावी. वजावटीत 'पीटी' नावाची एक ओळ असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा आपल्या राज्याचा व्यवसाय कर. रक्कम लहान, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण कर न्याय्य आहे की नाही हे कसं तपासायचं, ते शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

२०२३ च्या बदलानंतरचे दर असे. पुरुषाचा मासिक पगार ७,५०० पर्यंत असेल तर कर नाही, १०,००० पर्यंत महिन्याला १७५ आणि त्यापुढे वर्षाला २,५००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफी, त्यापुढे तेच २,५००. पायऱ्या चढत्या दिसतात, म्हणून हा कर प्रगतिशील आहे असं वाटू शकतं. थांबा, भागाकार करू.

दरमहा साडेबारा हजार मिळवणारा एखादा सुरक्षारक्षक घ्या. वर्षाचे दीड लाख. त्यातले २,५०० म्हणजे १.६७ टक्के. आता दरमहा सव्वा लाख मिळवणारा अधिकारी घ्या. वर्षाचे पंधरा लाख, कर तेवढाच, म्हणजे ०.१७ टक्के. एकूण कराला एकूण उत्पन्नाने भागून जे येतं तो सरासरी कर दर. उत्पन्न वाढताना हा दर वाढला तर कर प्रगतिशील, तेवढाच राहिला तर प्रमाणशीर, घसरला तर प्रतिगामी. इथे उत्पन्न दहापट झालं आणि दर एक दशांशावर आला. दहा हजारांच्या पुढे व्यवसाय कर सरळसरळ प्रतिगामी आहे. रुपये किती भरले यावरून हे कधीच कळत नाही.

शेजारी प्राप्तिकर ठेवून पाहू. २०२५-२६ ची नवी करप्रणाली, उपकर बाजूला ठेवू. करपात्र उत्पन्न पंधरा लाख असेल तर कर १,०५,००० होतो, म्हणजे सात टक्के. तीस लाखांवर ४,८०,०००, म्हणजे सोळा टक्के. सरासरी दर चढतो, म्हणून हा प्रगतिशील. मात्र तीस लाखवाला "मी तीस टक्के कर भरतो" असं म्हणतो, ते खरं नाही. तीस टक्के फक्त चोवीस लाखांच्या वरच्या रुपयांवर लागतात. पुढच्या मिळणाऱ्या रुपयावर किती कर पडेल, तो सीमांत दर. बोजा किती हे सरासरी दर सांगतो. जास्त काम करून, बढती घेऊन हातात काय उरेल हे सीमांत दर सांगतो.

आणि इथे प्राप्तिकरातही एक खोट सापडते. बारा लाखांपर्यंत साठ हजारांची सूट मिळून कर शून्य होतो. समजा उत्पन्न साडेबारा लाख झालं. स्लॅबप्रमाणे कर ६७,५००. पन्नास हजार जास्त मिळवून साडेसदुसष्ट हजार भरायचे, हा अन्याय टाळायला कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे: बारा लाखांच्या वर जेवढं मिळालं, त्याहून जास्त कर नाही. म्हणून कर पन्नास हजार. सरासरी दर चारच टक्के, त्यात गैर काही दिसत नाही. पण वाढलेले पन्नासच्या पन्नास हजार गेले. सीमांत दर शंभर टक्के! साधारण १२,७०,५०० पर्यंत ही स्थिती राहते. तीस लाखवाल्याला पुढच्या शंभरातले सत्तर उरतात, याला काहीच नाही. ही खोट सरासरी दरात दिसत नाही, म्हणून दोन्ही दर पाहावे लागतात.

व्यवसाय करात ती आणखी उघडी आहे, कारण तिथे रिलीफही नाही. एखाद्या बाईंचा पगार २५,००० वरून १०० रुपयांनी वाढला, की २०० रुपये कापले जातात. पगारवाढ झाली आणि हातात शंभर कमी आले. त्यापुढे मात्र कितीही वाढ होवो, सीमांत दर शून्य.

या कराची बाजूही सांगितली पाहिजे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने तो आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. पगारदारांकडून घेऊन दुष्काळी भागातल्या मजुराला काम द्यायचं, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. वसुली प्रतिगामी असली तरी खर्च गरिबाकडे जात असेल, तर न्यायाचा हिशेब दोन्ही मिळून करावा लागतो. पण त्याने सुरक्षारक्षकाचे १.६७ टक्के कमी होत नाहीत.

राज्याला वरच्या पगारांवर जास्त आकारता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच वर्षाला २,५०० ची मर्यादा आहे. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५० वरून वाढवली गेली. ती पुन्हा वाढवणं संसदेच्या हातात. खालची माफी मात्र राज्याच्या हातात आहे, आणि स्त्रियांसाठी ती वाढवून राज्याने ते दाखवूनही दिलं. माझं मत स्पष्ट आहे: तीच पंचवीस हजारांची माफी पुरुषांनाही द्यावी, आणि तिच्या पुढचे दोनशे एकदम न कापता टप्प्याटप्प्याने कापावेत.