दांडेकरांचा प्रश्न आणि छपाईच्या चुका

मंडळी, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये गेलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर तेव्हा कलकत्ता विद्यापीठात शिकत होते. तरुण संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव वर्गात इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशरचा निष्कर्ष सांगत होते: अंदाजाचा व्हेरिअन्स, म्हणजे त्याचा विखुरलेपणा, एका सीमेखाली जाऊ शकत नाही. पण तो निष्कर्ष खूप मोठ्या नमुन्यांपुरता होता. दांडेकरांनी विचारलं, लहान नमुन्यासाठी असं काही सिद्ध करता येईल का? राव यांनी त्या रात्री बसून उत्तर काढलं. 1945 साली ते छापून आलं. स्वीडिश गणितज्ञ क्रामेर यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडलं, म्हणून आज आपण त्याला क्रामेर-राव सीमा म्हणतो.

आता एक मुद्रितशोधक डोळ्यांसमोर आणा. दर पानावरच्या चुका पॉयसाँ नियमाने पडतात, सरासरी λ. त्याने 25 पानं तपासली. λ थोडा बदलला, तर हाती आलेल्या आकड्यांची शक्यता किती झपाट्याने बदलते? शक्यतेच्या लॉगचा हा उतार म्हणजे स्कोअर. इथे तो एकूण चुका भागिले λ, वजा 25 इतका येतो. स्कोअरची सरासरी शून्य असते, आणि त्याचा व्हेरिअन्स म्हणजेच नमुन्यातली माहिती. इथे ती 25/λ.

सिद्धतेचा गाभा एका ओळीचा आहे. कुठलाही अनबायस्ड एस्टिमेटर, म्हणजे सरासरीने खरा λ च देणारा अंदाज, घ्या, त्याचा स्कोअरशी कोव्हेरिअन्स नेमका 1 येतो. कोव्हेरिअन्सचा वर्ग दोन्ही व्हेरिअन्सच्या गुणाकारापेक्षा मोठा होऊ शकत नाही. म्हणून एस्टिमेटरचा व्हेरिअन्स 1 भागिले माहिती, म्हणजे λ/25, याच्या खाली जाणार नाही.

λ चार धरा, सीमा 0.16 येते. साध्या सरासरीचा व्हेरिअन्सही 0.16 च, कारण सरासरी आणि स्कोअर एकाच सरळ रेषेत बसतात. पण पॉयसाँमध्ये व्हेरिअन्सही λ च असतो. मग कुणी नमुन्याचा व्हेरिअन्स (भागाकार 24 ने) काढून तोच λ चा अंदाज म्हणून दिला तर? तोही अनबायस्ड आहे, चूक काही नाही. मात्र त्याचा व्हेरिअन्स λ/25 + 2λ²/24, म्हणजे जवळपास 1.49 येतो. नऊपटीहून जास्त! पानं तीच, चुका त्याच. आकड्यांतली बहुतेक माहिती त्या माणसाने वापरलीच नाही. सीमा माहीत नसती, तर आपण किती गमावतोय हे त्याला कळलंच नसतं. मला या निष्कर्षाचं खरं मोल इथे वाटतं.

पण एक अट विसरू नका. 0 ते θ मध्ये समान शक्यतेने पडणारे 10 आकडे घेतले, तर सूत्रात आंधळेपणाने किमती घालून सीमा θ²/10 मिळते. प्रत्यक्षात सर्वांत मोठ्या आकड्याला 11/10 ने गुणलं, तर अनबायस्ड अंदाज मिळतो आणि त्याचा व्हेरिअन्स θ²/120 भरतो. सीमा मोडली? नाही, ती इथे लागूच नव्हती. आकडे कुठपर्यंत जातील हेच θ वर अवलंबून आहे, त्यामुळे स्कोअरची सरासरी शून्य राहत नाही, आणि वरची ओळ तिथेच तुटते. कागदावर हे ओळखायचं असेल तर आधी स्कोअरची तेवढी एक सरासरी काढून बघा.