सुप्यात जळालेले रोखे आणि सरकारने लिहिलेलं कारण

[दृश्य: सुपे गावची बाजारपेठ, सकाळ. दुकानांची दारं उघडतायत.]

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामती तालुक्यात. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी इथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितले ते कर्जाचे रोखे आणि खातेवह्या. हाती आले तेवढे कागद त्यांनी जाळले. काही दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आग लागली. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरलं. तिसाहून जास्त गावांत असं घडलं आणि ९५१ माणसांना अटक झाली.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण सरकारने ते लिहून ठेवलं. दंग्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटनच्या संसदेपुढे ठेवला गेला. आज दख्खनच्या दंग्यांबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं फिरून या अहवालापाशीच येतं. म्हणूनच तो उघडताना आधी विचारायचं ते हे, की आयोगाला नेमकं काय शोधायला सांगितलं होतं?

[दृश्य: जुन्या छापील अहवालाची पानं.]

आयोगापुढे एक प्रश्न मुद्दाम ठेवला होता: या दंग्याला सरकारी शेतसारा कारणीभूत आहे का? सगळा पुरावा गोळा करून आयोगाने उत्तर दिलं, की सारा हे कारण नाही. शेतकऱ्यांचा राग सावकारावर होता.

आता हा प्रश्न विचारणारं कोण, ते बघा. सारा ठरवणारं सरकार, सारा वसूल करणारं सरकार, आणि दोष साऱ्याचा आहे की नाही हे तपासणारा आयोगही त्याच सरकारचा. म्हणून अहवाल खोटा ठरत नाही. पण त्याचा निष्कर्ष आणि त्यातला पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या वाचाव्या लागतात.

पुरावा भरपूर आहे. आयोगाने रयतेच्या जबान्या घेतल्या, सावकारांच्या घेतल्या, डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या घेतल्या. साऱ्याचे दर, धान्याचे भाव, व्याजाचे दर जुळवले. कलेक्टरांचे अहवाल मागवले. म्हणून निष्कर्ष बाजूला ठेवून आतली पानं वाचली, की वेगळीच हकीकत समोर येते.

साऱ्याचंच घ्या. दख्खनमध्ये तीस वर्षांसाठी ठरवलेली जमाबंदी, म्हणजे साऱ्याच्या दरांची आखणी, १८६०च्या दशकाच्या अखेरीस संपत आली. तोवर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव मिळाला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सावकारांनी हात आखडता घेतला. नेमक्या याच काळात नवी जमाबंदी सुरू झाली, आणि कित्येक ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. वाढलेला सारा भरायचा कुठून? सावकाराकडून. म्हणजे ज्या कर्जाला आयोग सावकाराची करणी म्हणतो, त्यातला काही भाग सरकारच्याच तिजोरीत जमा होत होता.

याचा दुसरा पुरावाही सरकारी दप्तरातच आहे. दंग्याच्या आदल्या वर्षी, १८७४ मध्ये, मुंबई सरकारने ठराव करून वाढीला मर्यादा घातली: गावांच्या एका गटात ३३ टक्के, एका गावात ६६ टक्के, एका खातेदाराला १०० टक्के, त्यापुढे नाही. सारा जास्त झाला नव्हता, तर त्याला आळा घालावा असं सरकारला का वाटलं? अहवालाशेजारी हा ठराव ठेवून वाचला, की आयोगाचा निष्कर्ष डळमळतो. आयोगातही एकमत नव्हतं. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने वेगळं टिपण लिहून साऱ्यावर बोट ठेवलं. मुख्य निष्कर्ष तेवढे वाचून पुस्तक मिटणाऱ्याला या टिपणाचा पत्ता लागत नाही.

[दृश्य: शाईने लिहिलेला अर्ज, कोपऱ्यात अंगठा.]

आता ऐकूया रयतेला. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरांकडे केलेला अर्ज आयोगाच्या कागदपत्रांत आहे. त्यातली तक्रार अगदी नेमकी आहे. सावकार कपडा देतो तो रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के महाग. शेतातला माल उचलून नेतो, तुमच्या खात्यावर जमा करतो म्हणतो, पण वहीत काही लिहीत नाही, आणि पावती मागितली तर देत नाही.

हा अर्ज मला फार मोलाचा वाटतो. तरी तो वाचतानाही सावध राहावं लागतं. मराठीतलं बोलणं लिहिणाऱ्याच्या हातून कागदावर आलं, तिथून इंग्रजीत गेलं, तिथून अहवालात. शिवाय अर्ज कलेक्टरांना केलेला आहे. सारा बसवणाऱ्या साहेबापुढे माणूस सावकाराची तक्रार मोकळेपणी करेल, साऱ्याची करेलच असं नाही. त्याने साऱ्याबद्दल काही म्हटलं नाही, एवढ्यावरून त्याला सारा जड नव्हता, असा अर्थ काढता येत नाही.

आणखी एक तपशील. अहवालात नोंद आहे, की ज्या गावांत ब्राह्मण आणि वाणी दोघेही सावकारी करत, तिथे बहुधा मारवाडी आणि गुजर वाण्यांवरच हल्ले झाले. रोखे मुकाट्याने देणाऱ्याला सहसा कुणी हात लावला नाही. सरकारने हे सगळं नीट टिपलं, कारण दंगेखोर आणि बळी कोण, हे पोलिसी कामासाठी हवं होतं. पण गावातल्याच सावकाराला का सोडलं, त्याचा गावच्या कारभाराशी काय संबंध होता, हे शोधायला तेवढी मेहनत दिसत नाही. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, म्हणून ज्याला सावकार रोखा करून कर्ज देत नव्हता, त्या मजुराचं घर या कर्जाच्या आकड्यांत येत नाही. त्या घरातली बाई तर नाहीच नाही.

[दृश्य: गॅझेटिअरचे जाडजूड खंड, एका फडताळात रांगेने.]

आता गॅझेटिअर, म्हणजे सरकारने काढलेले जिल्हावार माहितीचे खंड. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली अहमदनगरचा खंड १८८४ मध्ये निघाला, पुण्याचा १८८५ मध्ये. दंग्याची हकीकत त्यात आहे. पुष्कळ अभ्यासक ती वाचून समाधान मानतात, की चला, दुसऱ्या साधनानेही दुजोरा मिळाला. पण अहमदनगर खंडातली ती पानं आयोगाच्या अहवालावरच बेतलेली आहेत. म्हणजे साधन एकच, छापलं दोनदा. तळटिपा वाचल्या की हे कळतं. गॅझेटिअरची मांडणी अशी ठाम आणि शांत असते, की त्यामागे एक वादग्रस्त अहवाल आहे, हे विसरायला होतं.

[दृश्य: पुन्हा सुप्याची पेठ. दुपार. दुकानदार पावती फाडून गिऱ्हाइकाला देतोय.]

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा हे चार जिल्हे त्याखाली आले. रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. आणि सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा, हेही कायद्यात आलं. मिरजगावच्या त्या रयतेने पावतीच मागितली होती.

साऱ्याचे दर या कायद्याने बदलले नाहीत.