दहा वर्षांचा वाचक आणि हॅरी पॉटरचा चौथा भाग

(दापोली तालुक्यातील एका वाचनालयात मे महिन्याच्या अखेरीस पालकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

आज आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीचेच उत्तर मी सविस्तर देणार आहे. हर्णैच्या एका ताईंनी लिहिले आहे की त्यांचा मुलगा दहा वर्षांचा असून मुंबईच्या आतेभावाने सुट्टीत ठेवून दिलेल्या हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांपैकी तीन त्याने संपवली आहेत. चौथ्यापासून पुढे माणसे मरतात, युद्ध होते, असे त्यांच्या कानावर आले आहे. मुलाचे वडील मासेमारी बोटीवर तांडेल आहेत. तेव्हा चौथे पुस्तक द्यावे की कपाटात ठेवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

चित्रपटाला आपल्याकडे प्रमाणपत्र असते. 2024 च्या नियमांनंतर तर सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पेही त्यावर दिसतात. पुस्तकाला तसे काहीच नसते, म्हणून पालक सहसा मृत्यूंची मोजदाद करतात. मला ही मोजदाद फारशी उपयोगाची वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय हे बहुतेक कळलेले असते. मेलेला परत येत नाही आणि मरण सर्वांना असते, हे साधारणपणे या वयाच्या आधीच ध्यानात येते. मुले पडद्यावरच्या गोष्टींना कशी घाबरतात याचा अभ्यास जोअ‍ॅन कँटर या अमेरिकन संशोधक बाईंनी दीर्घकाळ केला. त्यांना असे आढळले की चार-पाच वर्षांचे मूल दिसण्याला घाबरते, म्हणजे राक्षसाच्या दातांना आणि अक्राळविक्राळ चेहऱ्याला. पण मूल मोठे होत जाते तसे ते प्रत्यक्षात घडू शकेल अशा गोष्टींना अधिक घाबरू लागते. दशावतारात संकासुराला पाहून आईच्या पदरात तोंड लपवणारे लहान मूल आणि त्याच संकासुराला हसणारा त्याचा मोठा भाऊ आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या मोठ्या भावाची भीती नाहीशी झालेली नसते, तिने फक्त जागा बदललेली असते.

म्हणून पुस्तकातले कोणते मरण आपल्या मुलाच्या घराजवळून जाते, एवढेच पाहावे. आपल्याच तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आपण दहा वर्षांच्या मुलांच्या हाती निःशंकपणे देतो. त्यात ना तलवार आहे ना जादू, पण गरिबी आहे, आजारपण आहे आणि शेवटी आई जाते. या वयाच्या वाचकाला ते पुस्तक कित्येक काल्पनिक युद्धांपेक्षा खोल लागते. ते देऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. ‘अंधारे’ पुस्तक ओळखण्याचे आपले माप किती वरवरचे आहे, एवढेच सांगतो.

आता चौथ्या भागाकडे वळू. पहिल्या तीन भागांत मरण मुख्यतः मागच्या काळातले आहे. हॅरीच्या आईवडिलांचा खून गोष्ट सुरू होण्याआधीच झालेला असतो. चौथ्या भागात मात्र पहिल्याच प्रकरणात एका म्हाताऱ्या माळ्याचा खून होतो, आणि बत्तिसाव्या प्रकरणात स्मशानात सेड्रिक नावाच्या विद्यार्थ्याला काहीही अपराध नसताना क्षणात मारले जाते. त्याच प्रकरणात एक नोकर विधीसाठी स्वतःचा हात कापून देतो, हेही ताईंना आधी माहीत असलेले बरे. बत्तीस ते चौतीस ही तीन प्रकरणे आईने अगोदर वाचावीत आणि मुलगा तिथे पोहोचेल तेव्हा ती दिवसा, शक्य तर दोघांनी एकत्र वाचावीत.

तरीही हा भाग द्यावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्या मरणानंतर जे घडते त्यात आहे. मेलेल्या सेड्रिकची छाया हॅरीला विनवते की माझे शरीर माझ्या आईवडिलांकडे घेऊन जा, आणि हॅरी जीव धोक्यात घालून ते परत आणतो. या विनंतीचा अर्थ किनाऱ्यावरच्या माणसांना मी सांगायला नको. पुढे त्या आईवडिलांचे दुःख लपवलेले नाही. वडील हुंदके देतात, आईचे दुःख तर रडण्याच्याही पलीकडचे आहे. वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापक डंबलडोर भर सभेत मुलांना सेड्रिक कसा मेला ते खरे सांगतात. सरकारी खात्याला ते नको आहे आणि काही पालकांना ते आवडणार नाही, हेही ते बोलून दाखवतात. म्हणजे ताईंचा प्रश्न लेखिकेनेच पुस्तकात घेतला आहे. एखादे मरण नुसते दाखवून कथा पुढे पळाली, तर मुलाजवळ फक्त धक्का उरतो. इथे कथा थांबते, मोठी माणसे बोलतात आणि दुःखाला पाने मिळतात.

पाचव्या भागाबद्दल मात्र मी ताईंना थांबायला सांगेन. तिथे सिरियस, जो हॅरीला वडिलांच्या ठिकाणी आहे, तो मारला जातो. आणि तो मरतो ते हॅरी एका खोट्या स्वप्नाला फसून त्याला वाचवायला धावतो म्हणून. वडील पाण्यावर असताना ज्याला रात्री वाईट स्वप्न पडू शकते, अशा मुलाला स्मशानातल्या खुनापेक्षा हे कितीतरी जड जाईल, कारण आपल्या चुकीने आपले माणूस गेले ही भावना त्याच्या फार जवळची आहे. शिवाय या भागात एक शिक्षिका शिक्षा म्हणून मुलाला त्याच्याच हातावर अक्षरे कोरली जातील अशा लेखणीने लिहायला लावते, आणि हा छळ शाळेतच, रोजच्या खोलीत होतो. बारा वर्षांच्या आसपास हे पेलते. सातव्या भागात युद्धच आहे आणि ओळखीची पात्रे एकामागून एक जातात. म्हाताऱ्या बाईच्या मृत देहातून साप बाहेर येतो ते प्रकरण तर मोठ्यांनाही नकोसे वाटते. हॅरी पहिल्या भागात अकरा वर्षांचा होतो आणि शेवटच्या भागात सतरा. ही पुस्तके 1997 ते 2007 या दहा वर्षांत निघाली, त्यामुळे पहिले वाचक वाट पाहता पाहता आपोआप मोठे झाले. सातही पुस्तके एकदम घरात आली की ती वाट उरत नाही, ती पालकांना घालून द्यावी लागते.

चौथे पुस्तक कधी द्यावे, याचे उत्तर आपल्या बंदराने सोपे केले आहे. जूनपासून मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढल्या जातील आणि वडील दोन महिने घरी असतील. त्या काळात ते द्यावे. मुलाने पाने गाळली तर गाळू द्यावीत. पेलत नाही ते टाळण्याची त्याची ती रीत आहे. अंगणात काठ्या घेऊन त्याने जादूची लढाई केली किंवा सेड्रिक का मेला यावर वाद घातला, तर पुस्तक पचते आहे असे समजावे. एक-दोन रात्री दिवा लावून झोपला तरी घाबरू नये. पण बंदी उठून बोटी निघाल्यावर तो वडिलांना पुन्हापुन्हा फोन लावू लागला, शाळेच्या वेळी रोज पोट दुखू लागले, किंवा एकटे झोपणे आठवड्यांमागून आठवडे जमेना, तर पुस्तक बाजूला ठेवून वडिलांच्या कामाविषयीच त्याच्याशी बोलावे. बोटीवर वायरलेस असतो, हवामानाचा इशारा आला की बोटी बंदरात परततात, हे वडिलांच्या तोंडून ऐकणे त्याला हवे असते. त्यानेही फरक पडला नाही तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवावे.

पुस्तक हिसकावून लपवू मात्र नये. तो ते शोधून काढील आणि रात्री चादरीखाली विजेरी लावून एकटाच वाचील. त्यापेक्षा पाचवा, सहावा आणि सातवा भाग आतेभावाकडे परत पाठवावा आणि पुढच्या वर्षी यातले काय मागवायचे ते आपण दोघे ठरवू, असे त्याला सरळ सांगावे.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ आहे: चित्रपट आधी दाखवला तर चालेल का? माझे मत नाही असे आहे. वाचताना मुलगा स्मशान आपल्याला पेलेल एवढेच उभे करतो आणि नको झाले की पुस्तक मिटतो. चित्रपटात ते दुसऱ्याने आवाजासह उभे केलेले असते आणि ते त्याच्या वेगाने थांबत नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या तीन चित्रपटांना मिळालेले प्रमाणपत्र चौथ्याला मिळाले नाही, त्याला बारा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठे माणूस हवे अशी अट लागली. तेव्हा आधी पुस्तक वाचून होऊ द्यावे, आणि चित्रपट लावलाच तर सगळ्यांनी मिळून, जेवणाच्या आधी पाहावा.