विसातला एक नव्या सर्व्हरवर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका शेव-नमकीनच्या होलसेल व्यापाऱ्यांची ऑर्डर घ्यायची साईट आम्ही नव्या सर्व्हरवर नेली, आज तेवढंच सांगणार आहे, कारण त्यात एक गोष्ट मला नीट कळायला दोन दिवस गेले.

सगळे दुकानदार एका रात्रीत नव्या सर्व्हरवर टाकायचे नव्हते. आधी थोडे जाऊदेत, काही फुटलं तर थोड्यांचंच फुटेल. आमचं डीएनएस Route 53 वर आहे, तिथे एकाच नावाचे दोन A रेकॉर्ड ठेवून प्रत्येकाला वेट देता येतं. हे वेट म्हणजे टक्के नाहीत हं, ० ते २५५ मधला कुठलाही आकडा चालतो, आणि ज्याचं वेट भागिले सगळ्यांच्या वेटची बेरीज तो त्याचा वाटा. आम्ही जुन्याला १९ दिलं, नव्याला १, म्हणजे विसातला एक, ५ टक्के. आदल्या दिवशी टीटीएल ३६०० वरून ६० सेकंदांवर आणला होता, आणि तो आधीच आणावा लागतो, कारण ज्यांनी जुनं उत्तर तासाभरासाठी साठवलंय ते तो तास संपेपर्यंत परत विचारायलाच येत नाहीत.

वेट लावलं आणि नव्या सर्व्हरचा लॉग उघडून बसलो. बराच वेळ चिटपाखरू नाही. मग एकदम लोंढा आला, मिनिटभर टिकला, परत शांत. मला वाटलं वेट चुकलं, म्हणून डीएनएसच्या मूळ नेमसर्व्हरलाच थेट दोनशे वेळा विचारून बघितलं (`$NS` म्हणजे त्या नेमसर्व्हरचं नाव):

```
for i in $(seq 200); do
  dig +short A order.example.com @$NS
done | sort | uniq -c
```

नवा आयपी दहाच्या आसपास आला, म्हणजे वेट बरोबर होतं. मग ५ टक्के नक्की कशाचे?

राजवाड्यासमोर एक माणूस उभा आहे, तो सराफ्यातल्या जिलेबीच्या दुकानाचा पत्ता सांगतो आणि दर विसाव्या विचारणाऱ्याला नव्या दुकानाचा पत्ता देतो असं समजा. आता विचारायला आला वऱ्हाडाचा म्होरक्या, तो पत्ता घेऊन गेला की मागची चाळीस माणसं त्याच्याच मागे जाणार, ती काही वेगवेगळी विचारत नाहीत. मोबाईल कंपनीचा रिझॉल्व्हर हा तसा म्होरक्या आहे. त्याला नवा आयपी मिळाला की ६० सेकंद त्याच्यामागचे सगळे नव्याकडे, पुढच्या वेळी जुना मिळाला की सगळे जुन्याकडे. म्हणजे ते ५ टक्के उत्तरांचे असतात, माणसांचे नाहीत. साईटवर जगभरातून लाखो लोक येत असतील तर रिझॉल्व्हरही हजारो असतात आणि हिशोब जुळतो, पण आमचे दुकानदार जवळजवळ सगळे दोन-तीन मोबाईल नेटवर्कवरचे, त्यामुळे मिनिटाचा आकडा बघून काही कळायचं नाही, दिवसभराचा बघायचा.

दिवसभराचाही कमीच भरला, आणि त्याचं कारण निघालं AAAA रेकॉर्ड. जुन्या सर्व्हरला आयपीव्ही६ चा पत्ता होता आणि वेट आम्ही फक्त A ला दिलं होतं. आपल्याकडे मोबाईलवर आयपीव्ही६ भरपूर चालतं आणि दोन्ही पत्ते मिळाले तर फोन सहसा तोच आधी धरतो, म्हणून ते सगळे फोन वेटला वळसा घालून थेट जुन्याकडे जात होते. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ घेऊन AAAA ची पण तशीच १९ आणि १ अशी जोडी केली, तेव्हा आकडा जागेवर आला.

आता सगळ्यात त्रासाची गोष्ट. टीटीएल संपला की तोच माणूस दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो, डीएनएसला तो कोण हे माहीत नसतं. एका दुकानदाराने वीस-बावीस माल कार्टमध्ये टाकले, पुढच्या क्लिकला लॉगिनचं पान! सेशन जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर पडलेलं, नव्याला त्याचा पत्ताच नाही. त्यांनी फोन केला तेव्हा खरंच वाईट वाटलं, अर्धा तास घालून भरलेली ऑर्डर होती ती. नव्याचं वेट तिथल्या तिथे ० केलं, सेशन दोघांच्या सामायिक डेटाबेसमध्ये हलवलं, मगच परत १ केलं. हे काम वेट लावायच्या आधीचं आहे, नंतरचं नाही.

आणि ० केलं म्हणजे लगेच बंद झालं असं समजू नका. साठवलेलं उत्तर मिनिटभर चालतं, काही रिझॉल्व्हर टीटीएल आपल्या मनाने वाढवतात, आणि उघडं असलेलं कनेक्शन डीएनएसला परत विचारतच नाही. त्यामुळे नव्यावर बिघाड दिसला तरी तो सर्व्हर चालू ठेवून दुरुस्त करायचा, खटकन बंद नाही करायचा.

पुढे एक दिवस ५ टक्के, मग २५, मग ५०, आणि शेवटी जुन्याचं वेट ०. त्यानंतरही जुन्याच्या लॉगमध्ये चार दिवस एक ऑर्डरवाला येतच होता, त्याच्या दुकानातल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरने सुरू होताना आयपी एकदा विचारून घेतला होता आणि ते कधी बंदच केलं जात नव्हतं. त्यांना फोन करून ते रीस्टार्ट करवलं, दुसऱ्या दिवशी लॉग कोरा आला, तेव्हा जुना सर्व्हर बंद केला.