भागीदार निघाला, गिऱ्हाईक कोणाचे?

(जालन्यात व्यापाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

भागीदारी मोडल्यानंतर दुकानातील माल, येणी-देणी आणि गाळा यांची वाटणी कागदावर करता येते. गिऱ्हाईक आणि माणसे यांची तशी वाटणी करता येत नाही, कारण ती कोणाच्याच मालकीची नसतात. आजच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे की, निघालेल्या भागीदाराने जुन्या गिऱ्हाइकांना आणि नोकरांना आपल्याकडे ओढू नये असे बंधन कायद्याने कितपत घालता येते, आणि ते किती ताणले म्हणजे तुटते.

उदाहरण एकच घेतो. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील मी बदलले आहेत. मामा-भाच्याची बियाणे व कीटकनाशकांची घाऊक पेढी होती. मामा गादीवर बसून हिशेब आणि उधारी पाहत. भाचा मोटारसायकलवर अंबड, घनसावंगी, परतूर आणि भोकरदन या चार तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांत फिरत असे. साधारण १४० दुकानदार माल घेत आणि पेढीवर नऊ नोकर होते. या धंद्यात दुकानदार कपाशीच्या बियाण्याचे बुकिंग उन्हाळ्यात करतो, माल जूनच्या आधी उचलतो आणि बाकी बहुधा कापूस विकला गेल्यावर, दिवाळीनंतर, फेडतो. दोघांनी ३१ मार्चला वेगळे व्हायचे ठरवले. मामांनी धंदा चालवायचा, भाच्याने पैसे घेऊन निघायचे आणि नवीन दुकान काढायचे, असा बेत होता.

मामांनी आणलेल्या मसुद्यात लिहिले होते की, भाचा पाच वर्षे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेतीच्या कोणत्याही निविष्ठांचा धंदा करणार नाही, पेढीच्या कोणत्याही गिऱ्हाइकाशी व्यवहार करणार नाही आणि पेढीच्या कोणत्याही नोकराला कधीही कामावर ठेवणार नाही. वाचताना मसुदा भक्कम वाटत होता, पण त्यातले बहुतेक सारे न्यायालयात टिकणे अवघड होते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. त्या कलमातच गुडविल, म्हणजे पेढीचे नाव आणि जमलेली गिऱ्हाइकी, विकणाऱ्यासाठी एक अपवाद आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ ने भागीदारांसाठी आणखी वाटा मोकळ्या केल्या. कलम ३६ निवृत्त होणाऱ्या भागीदाराविषयी आहे. त्याला स्पर्धक धंदा करता येतो आणि त्याची जाहिरातही करता येते. मात्र करारात वेगळे ठरले नसेल तर पेढीचे नाव वापरणे, आपणच त्या पेढीचा धंदा चालवतो असे भासवणे आणि तो निघण्यापूर्वी पेढीशी व्यवहार असलेल्या गिऱ्हाइकांची विनवणी करणे या तीन गोष्टी त्याला करता येत नाहीत. धंदाच न करण्याचा करार करायचा असेल तर तो ठरावीक मुदतीपुरता किंवा ठरावीक स्थानिक हद्दीपुरता असावा लागतो, आणि निर्बंध वाजवी असतील तरच तो कलम २७ असूनही टिकतो.

इथे मामांच्या मसुद्यात एक खड्डा होता, आणि दोघांच्याच भागीदारीत तो मला वारंवार दिसतो. कागदावर 'निवृत्तीपत्र' असे शीर्षक होते. भागीदारीला किमान दोन माणसे लागतात. दोघांपैकी एक निघाला की भागीदारी उरत नाही, ती विसर्जितच होते, आणि राहणाऱ्याचा धंदा एकट्याचा होतो. म्हणजे निवृत्तीच्या कलम ३६ वर विसंबणे धोक्याचे ठरते. विसर्जनासाठी कलम ५४ व ५५ आहेत. कलम ५४ नुसार विसर्जनाच्या वेळी किंवा ते होणार हे धरून भागीदार एकमेकांवर वाजवी निर्बंध घालू शकतात. कलम ५५ मधील जुन्या गिऱ्हाइकांची विनवणी न करण्याचे बंधन मात्र विसर्जनानंतर गुडविल विकली गेली तरच लागू होते. मामांच्या मसुद्यात गुडविलचा शब्दही नव्हता. ती विकली गेली नसती तर पेढीचे व्यवहार आटोपल्यावर भाच्याला जुन्या दुकानदारांकडे जाऊन माल विकण्यास जवळपास मोकळीक होती. म्हणून आम्ही कागदाला विसर्जनपत्र म्हटले, आणि भाच्याचा गुडविलमधील हिस्सा मामांनी किती रकमेला घेतला हे भांडवल व नफ्याच्या हिशेबापासून वेगळे, स्वतंत्र आकड्यात लिहिले. तो आकडा पुढे फार उपयोगी पडतो, कारण ज्याने गिऱ्हाइकांसाठी पैसे घेतले त्यानेच ती परत ओढणे न्यायाचे नाही, हे कोणत्याही न्यायाधीशाला पटते.

या कलमांमागचा विचार १८९६ सालच्या ट्रेगो विरुद्ध हंट या खटल्यात नीट दिसतो. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला. वार्निश बनवणाऱ्या पेढीत गुडविल ट्रेगोची असल्याचे करारात ठरले होते, आणि भागीदारीची मुदत संपत आली असताना हंट पेढीच्याच एका कारकुनाकडून कामाची वेळ संपल्यावर गिऱ्हाइकांची नावे व पत्ते उतरवून घेत होता. न्यायालयाने त्याला धंदा करण्यापासून रोखले नाही. जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन त्यांना वळवण्यापासून रोखले. आज त्या यादीची जागा मोबाइलने घेतली आहे. मामांनी मला सांगितले की भाच्याच्या फोनमध्ये सगळ्या दुकानदारांची ब्रॉडकास्ट यादी आहे. हंटचा कारकून इतका सोपा पुरावा मागे ठेवून गेला नव्हता!

विनवणी करणे आणि व्यवहार करणे यांत फरक आहे, आणि बहुतेक भांडणे या फरकावरच होतात. वर्तमानपत्रात नवीन दुकानाची जाहिरात देणे किंवा मोंढ्यात फलक लावणे चालते. तीच जाहिरात पेढीच्या १४० दुकानदारांच्या यादीला, भाव कमी करून, एकेकाच्या मोबाइलवर पाठवली तर ती विनवणी होते. एखादा दुकानदार आपणहून भाच्याच्या दुकानात आला, तर केवळ विनवणीची बंदी असताना त्याला माल देण्यात कराराचा भंग नाही. मामांच्या मसुद्यातील 'व्यवहार करणार नाही' ही भाषा म्हणूनच अवघड होती: ती भाच्याबरोबर दुकानदारालाही बांधते, आणि दुकानदाराने कुठून माल घ्यावा हे ठरवणारे मामा कोण?

मग वाजवी मुदत किती? कायद्यात महिन्यांचा आकडा नाही. माझ्या मते ती धंद्याच्या फेऱ्यावरून काढावी: नवीन फिरस्त्याला दुकानदारांशी ओळख करून घ्यायला जेवढा काळ खरोखर लागेल, तेवढीच. इथे एक पूर्ण खरीप, त्यानंतर दिवाळीनंतरची वसुली आणि पुढच्या खरिपाचे बुकिंग, असा हिशेब आम्ही धरला. ३१ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत पंधरा महिने झाले. या काळात मामांचा माणूस प्रत्येक दुकानात विक्री, वसुली आणि पुन्हा विक्री या तिन्ही टप्प्यांतून जातो. त्यानंतरही दुकानदार भाच्याकडे गेला तर ते मामांचे नुकसान भाच्याच्या विनवणीमुळे झाले असे म्हणता येत नाही. हद्दीसाठी आठ जिल्हे न घेता, मागील दोन वर्षांत ज्यांनी माल घेतला अशा दुकानदारांची नावे परिशिष्टात जोडली. पाच वर्षांपूर्वी एकदा दोन पेट्या औषध नेलेला माणूस यादीत नसावा. अवाजवी कलम न्यायालय कापून वाजवी करून देईल, या भरवशावर मोठे मागू नये. नवा करार लिहिणे न्यायालयाचे काम नाही, आणि जास्त मागणाऱ्याच्या हाती काहीच न उरण्याचा धोका असतो.

उधारीचा प्रश्न मात्र आमच्या लक्षात उशिरा आला. जुनी बाकी कोणी गोळा करायची? भाच्याने वसुलीला जायचे ठरले असते, तर तो प्रत्येक दुकानात चहा घेत बसला असता आणि नवीन मालाचे बोलणे तिथेच झाले असते. ती विनवणी होती की वसुली, हे सिद्ध करणे अशक्य. म्हणून सगळी येणी मामांकडे ठेवली आणि भाच्याचा हिस्सा वसुलीनुसार दर तिमाहीला देण्याचे ठरवले.

आता नोकर. भागीदारी अधिनियमात नोकर फोडण्याविषयी शब्दही नाही; कराराबाहेर तुम्हाला फारसे संरक्षण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ साली विप्रो आणि बेकमन कूल्टर या कंपन्यांच्या वादात, एकमेकांचे नोकर न फोडण्याच्या दोन वर्षांच्या अटीला कलम २७ आड येत नाही असे म्हटले, कारण ती अट कंपनीला बांधते, नोकराला नाही. हाच मुद्दा मामांना समजावायला मला अर्धा तास लागला. नोकराने विसर्जनपत्रावर सही केलेली नसते, आणि त्याने मामांना सोडून कुठे जावे हे भाच्याशी केलेल्या कराराने ठरत नाही. भाच्याने त्याला बोलावले तर भाच्याकडून भरपाई मागता येते. नोकराला परत खेचून आणता येत नाही. म्हणून 'कधीही कामावर ठेवणार नाही' ऐवजी लिहिले की, ३१ मार्चला कामावर असलेल्या नऊ जणांना भाचा बारा महिने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी नोकरीसाठी बोलावणार नाही. सर्वांसाठी दिलेल्या जाहिरातीवरून कोणी आपणहून अर्ज केल्यास तो भंग नाही. भंग झाला तर त्या नोकराच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम, कारण नवीन माणूस तयार करायला साधारण तेवढा खर्च येतो. पंचवीस लाखांचा दंड लिहून भागत नाही: करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते.

मनाईहुकूम मागायचा तर वेळ महत्त्वाचा आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा भागीदारी करारातील वाद व्यावसायिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागितला नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी करावी लागते. मेमध्ये भंग कळला आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयात गेलात, तर खरिपाच्या बियाण्याची विक्री संपलेली असते आणि इतके दिवस का थांबलात याचे उत्तर द्यावे लागते.

त्या वर्षी जूनमध्ये मामा रागाने माझ्याकडे आले. परतूरचा एक मोठा दुकानदार भाच्याकडून माल घेऊ लागला होता. मी त्या दुकानदाराचा फोन दाखवता येईल का असे विचारले. त्याने तो मोकळेपणाने दाखवला. सर्वांत वरचा संदेश त्याचाच होता: 'भाऊ, तुमचे नवीन दुकान कुठे आहे?' भाच्याने पत्ता पाठवला होता, भाव पाठवला नव्हता. दावा दाखल झाला नाही. मात्र त्या दुकानदाराकडची जुनी बाकी मामांनी त्याच दिवशी मागितली.