पहिला बुडबुडा आणि शेवटचा थेंब

बेंझीन आणि टोल्युइन ही जोडी घेऊ. दोघांच्या रेणूंची ठेवण इतकी सारखी आहे की त्यांचं मिश्रण जवळजवळ आदर्श वागतं. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध बेंझीनचा बाष्पदाब सुमारे 95 मिमी पारा, टोल्युइनचा 28.

78 ग्रॅम बेंझीन आणि 92 ग्रॅम टोल्युइन, म्हणजे प्रत्येकी एक मोल, दट्ट्या असलेल्या नळकांड्यात भरा. आत हवा अजिबात नको, तापमान 25 अंशांवर स्थिर. राऊल्टच्या नियमानुसार प्रत्येक घटकाचा आंशिक दाब म्हणजे द्रवातला त्याचा मोल-अंश गुणिले शुद्ध घटकाचा बाष्पदाब. बेंझीनचा 47.5, टोल्युइनचा 14, बेरीज 61.5. दट्ट्यावरचा दाब याहून जास्त आहे तोवर आत नुसता द्रव राहतो. दाब 61.5 वर आला की पहिला बुडबुडा फुटतो. त्यात बेंझीन किती? 47.5 भागिले 61.5, म्हणजे 77 टक्के. द्रव निम्मा-निम्मा, वाफ मात्र तशी नाही.

आता दाब हळूहळू उतरवा. वाफेत बेंझीन जास्त जातं, त्यामुळे उरलेल्या द्रवात टोल्युइनचं प्रमाण वाढतं आणि बाष्पदाब घसरत राहतो. शुद्ध द्रव एकाच दाबाला पूर्ण उडून जातो. मिश्रणाला दाबाचा एक पट्टा लागतो. तो कुठे संपतो?

इथे बहुतेकांची गफलत होते. शेवटी सगळी वाफ झाली, वाफ निम्मी-निम्मी, म्हणून पुन्हा 95 आणि 28 ची सरासरी काढतात आणि उत्तर परत 61.5 येतं. आरंभ आणि शेवट एकाच दाबाला आले, की समजावं काहीतरी चुकलं. सरळ सरासरी द्रवाच्या मोल-अंशांनीच काढायची. वाफेचे अंश हाती असतील तर व्यस्तांची सरासरी घ्यावी लागते:

```
1/P = 0.5/95 + 0.5/28
P = 43.3
```

म्हणजे शेवटचा थेंब 43.3 ला उडतो. त्यात बेंझीन 0.5 × 43.3 / 95, जेमतेम 23 टक्के. पहिल्या बुडबुड्यात 77, शेवटच्या थेंबात 23. ही सममिती निम्म्या-निम्म्या मिश्रणापुरतीच, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

बंद फ्लास्कमध्ये मात्र हा प्रवास दिसत नाही. हा द्रव जेमतेम 200 मिलिलिटर, पण त्याची पूर्ण वाफ 43.3 मिमीला सुमारे 860 लिटर जागा मागते. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये इतकी थोडी वाफ होते की द्रवाचं प्रमाण हलतच नाही आणि वाचन 61.5 च्या आसपास थांबतं. ते बरंच वर दिसलं, तर आधी द्रवात विरघळलेल्या हवेवर संशय घ्या. द्रव गोठवून वरची हवा पंपाने ओढायची, मग वितळवायचा. वाचन उतरायचं थांबेपर्यंत हेच पुन्हा करायचं.