सल्ला बेसिनवर, बिल काउंटरवर

मैत्रिणींनो, पार्लरमध्ये गिऱ्हाईक बिल द्यायला काउंटरशी येते तेव्हा तिच्या हातात पर्स असते, मागे दुसरी कोणी थांबलेली असते आणि दोन तास खपून जिने केस रंगवले ती मुलगी शेजारी उभी असते. अशा वेळी ‘ताई, हा शाम्पूपण घ्या ना’ म्हटलं की नाही म्हणणं जड जातं. बाटली खपते, पण पुढच्या वेळी ती बाई आपली पायरी चढत नाही.

माझ्याकडे हे दोन वर्षं चाललं होतं आणि त्याचं मूळ मीच घातलेलं होतं. प्रत्येक मुलीला महिन्याला 10,000 रुपयांचं टार्गेट आणि विक्रीवर 10 टक्के कमिशन. एकदा बिलबुकं घेऊन बसले, तर निम्म्याहून जास्त बाटल्या 25 तारखेनंतर खपलेल्या. केसांची गरज काही तारीख बघून येत नाही. तुमच्याही बिलबुकात हे एकदा बघा.

आता आम्ही सल्ला बेसिनवर देतो. केस धुताना मुलगी विचारते, घरी काय लावता, आठवड्यातून किती वेळा धुता? रंग बराचसा पाण्यानेच उतरतो. म्हणून रोज धुणारीला आधी सांगायचं, दिवसाआड धुवा, पाणी कोमट घ्या. मग गिऱ्हाइकाच्या कार्डावर शाम्पूचं नाव लिहायचं. घरचा शाम्पू चालण्यासारखा असेल तर ‘आहे तेच वापरा’ असं स्पष्ट लिहायचं. काउंटरवरची मुलगी कार्ड बघून एकदाच विचारते, ‘यातलं आज काही देऊ का?’ नको म्हटलं की विषय तिथेच संपला. सल्ला देणारी तेव्हा काउंटरपाशी थांबत नाही.

टार्गेट मी काढून टाकलं. 800 रुपयांच्या बाटलीत मला साधारण 200 सुटतात. पहिल्या विक्रीचे मुलीला 30 रुपये. तीच बाई तीच बाटली आपणहून पुन्हा न्यायला आली, तर 60. कार्डावर सल्ला देणारी म्हणून जिचं नाव, पैसे तिचे, त्या दिवशी ती रजेवर असली तरी. केस धुणाऱ्या मदतनीस मुलीने सल्ला दिला असेल तर नाव तिचंच लागतं. पूर्वी हे पैसे सरसकट बिल फाडणारीला जायचे, आणि तो अन्याय होता. कमिशन 15 दिवसांनी देते. तोवर बाटली परत आली तर ते द्यायचं नाही. पगाराला मात्र हात लावायचा नाही.

पहिले तीन महिने विक्री खाली आली, हेही सांगते. पगार तुटपुंजा ठेवून कमिशनवर भागवा म्हणाल, तर ही पद्धत टिकणार नाही. मुलगी पुन्हा गळ घालायला लागेल. शिवाय नव्या मुलीकडे परत येणारी गिऱ्हाइकं नसतात. म्हणून तिला पहिले सहा महिने मी कमिशनऐवजी ठरावीक रक्कम पगारातच वाढवून देते.